दोन रेझ्युमेंना सारखेच गुण मिळाले, तर निवड कशी करावी

गोरेगावच्या एका औषध वितरण कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची एक जागा भरायची होती. आलेल्या अर्जांना ठरलेल्या गुणतक्त्यानुसार १०० पैकी गुण दिल्यावर अर्ज क्रमांक १४ आणि अर्ज क्रमांक ३१ या दोघांचे बरोबर ७२ गुण झाले. मुलाखतीसाठी वेळ एकालाच देता येणार होता, कारण संचालक त्या आठवड्यात एकच दुपार मोकळे होते. अशा वेळी बहुतेक कार्यालयांत जे होते, तेच तिथेही होऊ लागले. कोणी म्हणाले, "चौदा नंबर बोरिवलीला राहतात, वेळेवर येतील." दुसरे कोणी म्हणाले, "एकतीस नंबरचं कॉलेज कधी ऐकलेलं नाही." यांपैकी एकही मुद्दा गुणतक्त्यात नव्हता. तो तयार करताना कोणाला हे मुद्दे महत्त्वाचे वाटले नव्हते. बरोबरी झाल्यावर मात्र निर्णय त्यांच्यावरच ठरणार होता.

मुंबईत लेखा विभागांसाठी भरती करताना मी स्वतः ही चूक केलेली आहे. एकदा समान गुणांच्या दोघांपैकी कर्जतहून येणाऱ्या अर्जदाराला मी केवळ प्रवासाच्या विचाराने मागे ठेवले. त्यांना प्रवास जमेल का, हे विचारलेसुद्धा नाही. त्यानंतर मी बरोबरी सोडवण्याची एक लेखी पद्धत ठेवली. या लेखात ती वरील दोन अर्जांवर लावून दाखवली आहे. तिच्यात तीन कसोट्या आहेत: पुराव्याचा दर्जा, कामाचा ताजेपणा आणि वाढ. त्यांचा क्रम आधी ठरवलेला असतो, आणि पहिल्या कसोटीवर निकाल लागला तर पुढच्या कसोटीकडे जायचे नसते.

आधी बरोबरी खरी आहे का, हे पाहावे

७२ आणि ७२ ही बरोबरी सगळ्यांना दिसते. ७२ आणि ७० मध्येही बरोबरी असू शकते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. गुण देणारा माणूस बदलला की गुण बदलतात, आणि ते किती बदलतात हे मोजता येते. जुन्या भरतीतील दहा रेझ्युमे घ्यावेत आणि दोन सहकाऱ्यांनी एकमेकांचे गुण न पाहता तोच तक्ता वापरून ते तपासावेत. या कंपनीत आम्ही तसे केले, तेव्हा दोघांच्या गुणांतील फरक अनुक्रमे २, ५, १, ४, ६, ३, ०, ५, ४ आणि ३ असे आले. त्यांची सरासरी ३.३ निघते. याचा अर्थ त्या तक्त्यावर तीन गुणांपर्यंतचा फरक अर्जदारांमधला आहे की तपासणाऱ्यांमधला, हे सांगता येत नाही. म्हणून तीन गुणांपर्यंतचे अर्ज समान मानायचे, असे आम्ही ठरवले. हे काम भरतीच्या दरवेळी करावे लागत नाही. तक्ता बदलला तरच ते पुन्हा करावे.

बरोबरी खरी ठरली की दोन्ही अर्जांचे गुण कोणत्या रकान्यांतून आले, ते शेजारी शेजारी मांडावे. आमच्याकडे १४ क्रमांकाला अनुभवाच्या रकान्यात १८ आणि जीएसटीच्या रकान्यात १७ गुण होते, तर ३१ क्रमांकाला अनुक्रमे १४ आणि २० होते. इथे एक मोह होतो. जीएसटीचे काम जास्त महत्त्वाचे आहे असे म्हणून त्या रकान्याचे वजन वाढवावे आणि बरोबरी मोडावी, असे वाटते. ते करू नये. अर्ज समोर आल्यावर वजने बदलणे म्हणजे मनात आधी ठरलेल्या नावासाठी गणित जुळवणे होय. वजने चुकीची वाटत असतील तर ती पुढच्या भरतीपूर्वी बदलावीत. ही मांडणी वेगळ्याच कारणासाठी उपयोगी पडते. कोणत्या गोष्टीचे गुण आधीच दिले किंवा कापले गेले आहेत, हे तिच्यातून कळते. ३१ क्रमांकाच्या अर्जात आठ महिन्यांचा खंड होता आणि सातत्याच्या रकान्यात त्याचा एक गुण कापला गेला होता. म्हणजे पुढे ताजेपणा पाहताना त्याच खंडासाठी पुन्हा गुण कापता येणार नव्हते.

यानंतर कागदावरची नावे, पत्ते, फोटो, जन्मतारीख आणि महाविद्यालयाचे नाव झाकून प्रती काढाव्यात. आडनाव वाचले की जात, गाव आणि भाषा यांचे अंदाज मनात आपोआप सुरू होतात, आणि ते थांबवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ते न वाचणे.

पुराव्याचा दर्जा

ही कसोटी पहिली ठेवण्याचे कारण सरळ आहे. ताजेपणा आणि वाढ या दोन्ही गोष्टी रेझ्युमेतील दाव्यांवरच मोजाव्या लागतात. दावाच कच्चा असेल तर त्यावरचे गणितही कच्चे राहते.

सगळा रेझ्युमे तपासत बसू नये. त्या जागेची तीन मुख्य कामे निवडावीत आणि प्रत्येक कामाबद्दलचा सर्वांत भक्कम दावा शोधावा. इथे ती कामे अशी होती: जीएसटीआर-२बी, म्हणजे टू-बी, या पुरवठादारांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या मासिक तक्त्याशी खरेदी बिलांची जुळवणी करून मासिक रिटर्न तयार करणे, ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल काढणे, आणि पुरवठादारांच्या खात्यांची टॅलीत जुळवणी करणे. प्रत्येक दाव्याला शून्य ते तीन असा दर्जा द्यावा. "जीएसटीचे सखोल ज्ञान" अशा नुसत्या विशेषणाला शून्य. "मासिक रिटर्न भरले" असे काम सांगितले, पण किती, कधी आणि स्वतःचा वाटा कोणता हे सांगितले नाही, तर एक. काम, त्याचे प्रमाण, कालावधी आणि स्वतःचा वाटा हे सगळे स्पष्ट असेल तर दोन. या सगळ्याच्या जोडीला बाहेरच्या माणसाला पडताळता येईल असे काही असेल, म्हणजे ज्यांनी ते काम तपासले त्या वरिष्ठांचा संदर्भ किंवा क्रमांकासह प्रमाणपत्र, तर तीन.

आकडा म्हणजे पुरावा नव्हे, हे इथे कटाक्षाने पाळावे लागते. १४ क्रमांकाच्या अर्जात "जुळवणीतील चुका ४० टक्क्यांनी कमी केल्या" असे वाक्य होते. चुका मुळात किती होत्या, किती महिन्यांत कमी झाल्या आणि त्या कोणी मोजल्या, यांपैकी काहीच नव्हते. अशा वाक्याला एकच दर्जा मिळतो. त्याउलट ३१ क्रमांकाने साध्या शब्दांत लिहिले होते: "दरमहा सुमारे ६०० खरेदी बिले टू-बीशी जुळवत होते, न जुळलेल्यांची यादी करून पुरवठादारांना फोन करणे माझ्याकडे होते." या वाक्यात भपका काहीच नाही, पण काम केलेल्या माणसालाच सुचेल असा तपशील आहे. टू-बीची जुळवणी करणाऱ्याचा बराचसा वेळ त्या फोनांतच जातो.

आता या कसोटीतील सर्वांत मोठा धोका. आपण पुरावा मोजतो आहोत असे वाटत असते, पण प्रत्यक्षात लेखनकौशल्य मोजले जात असते. अंधेरीतल्या एखाद्या व्यावसायिकाकडून पैसे देऊन लिहून घेतलेला रेझ्युमे आणि भिवंडीच्या गोदामात काम करून रात्री मोबाइलवर टाइप केलेला रेझ्युमे यांत दिसणारा फरक कामाचा असतोच असे नाही. म्हणून दर्जा देऊन झाल्यावर दोन्ही अर्जदारांना एकाच वेळी, एकाच मजकुराचा ईमेल पाठवावा आणि दोन दिवसांची मुदत द्यावी. आम्ही तीन प्रश्न विचारले: वरील तीन कामांपैकी प्रत्येक काम तुम्ही शेवटचे कोणत्या महिन्यात केले, त्या वेळी दरमहा साधारण किती बिले होती आणि तुमचे काम कोण तपासत असे, आणि एखाद्या महिन्यात जुळवणी बसली नाही तेव्हा तुम्ही नेमके काय केले. उत्तर मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत दिले तरी चालेल, असेही लिहावे. जुन्या कंपनीचे हिशेब किंवा ग्राहकांची नावे पाठवू नयेत, अशी स्पष्ट सूचनाही द्यावी. गोपनीय कागद उत्साहाने पाठवणारा अर्जदार उद्या आपलेही कागद पाठवील, पण ती परीक्षा न कळत घेणे योग्य नाही.

उत्तरे आल्यावर दर्जे असे बसले. १४ क्रमांकाला जुळवणीसाठी दोन, कारण त्यांनी दरमहा ४०० बिले आणि तपासणारे सीए यांचा नीट उल्लेख केला, ई-इनव्हॉइससाठी एक, आणि खातेजुळवणीसाठी तीन, कारण त्यांनी आधीच्या वरिष्ठांचा संदर्भ दिला आणि त्या वरिष्ठांनी फोनवर दुजोरा दिला. एकूण सहा. ३१ क्रमांकाला जुळवणीसाठी तीन, ई-इनव्हॉइससाठी दोन आणि खातेजुळवणीसाठी दोन, असे एकूण सात. दोन किंवा अधिक दर्जांचा फरक पडला तरच या कसोटीवर निर्णय घ्यायचा, असे आधीच लिहून ठेवले होते. फरक एकाचाच होता. नऊपैकी एका दर्जाचा फरक एका वाक्याच्या वेगळ्या वाचनानेही पडू शकतो, म्हणून निकाल दिला नाही आणि पुढच्या कसोटीकडे गेलो.

ताजेपणा

ताजेपणा म्हणजे शेवटच्या नोकरीची तारीख नव्हे. एखादे काम शेवटचे केल्यानंतर त्या कामाचे नियम किंवा साधने बदलली का, हा खरा प्रश्न आहे. पुरवठादाराच्या खातेउताऱ्याशी आपले लेजर जुळवण्याची रीत गेल्या दहा वर्षांत फारशी बदललेली नाही. ते काम पाच वर्षांपूर्वी केलेल्या माणसाला आठवडाभरात पुन्हा जमते. जीएसटीचे तसे नाही. म्हणून प्रत्येक कामासाठी एक बदलरेषा काढावी, म्हणजे ज्या दिवसापासून ते काम वेगळ्या रीतीने होऊ लागले तो दिवस लिहावा.

जुळवणीच्या कामासाठी मोठी रेषा १ जानेवारी २०२२ ची आहे. जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झाला आणि पुढे काही काळ पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलांचेही इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, काही मर्यादेपर्यंत घेता येत होते. ही मर्यादा आधी २० टक्के, मग १० टक्के आणि मग ५ टक्के होती. २०२२ च्या सुरुवातीपासून मात्र टू-बीमध्ये दिसेल तेवढेच क्रेडिट, असा नियम झाला. त्यामुळे जुळवणी हे महिनाअखेरचे सोपस्काराचे काम राहिले नाही. पुरवठादाराने एक बिल दाखवले नाही तर तेवढे पैसे अडकतात. दुसरी रेषा ऑक्टोबर २०२४ ची. तेव्हापासून पोर्टलवर इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम आली, आणि आलेले प्रत्येक बिल स्वीकारणे, नाकारणे किंवा प्रलंबित ठेवणे हे खरेदीदाराच्या हाती आले. ई-इनव्हॉइससाठीची रेषा कंपनीच्या उलाढालीवर अवलंबून असते. ऑक्टोबर २०२० मध्ये ती ५०० कोटींपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींपर्यंत खाली आली. अर्जदार ज्या कंपनीत होता तिला ते कधी लागू झाले, हे त्यालाच विचारावे.

गुणांची पद्धत सोपी ठेवावी. शेवटच्या रेषेनंतर काम केले असेल तर तीन. मोठ्या रेषेनंतर पण शेवटच्या रेषेच्या आधी केले असेल तर दोन. मोठ्या रेषेपूर्वीच काम थांबले असेल तर एक. काम कधीच केले नसेल तर शून्य. ज्या कामाला रेषाच नाही, तिथे ते कधीही केलेले असले तरी तीन.

१४ क्रमांकाकडे सात वर्षांचा अनुभव होता, पण एप्रिल २०२१ पासून ते वसुलीच्या कामावर गेले होते आणि रिटर्नचे काम कंपनीने बाहेरच्या सीएंकडे दिले होते. म्हणजे टू-बीने क्रेडिट बांधले गेल्यानंतर त्यांनी ते काम एकदाही केलेले नव्हते. जुळवणीसाठी एक गुण. ई-इनव्हॉइस त्यांनी सुरुवातीच्या काही महिन्यांत काढले होते, म्हणून तिथेही एक. खातेजुळवणीसाठी तीन. एकूण पाच. ३१ क्रमांकाचा अनुभव चारच वर्षांचा होता आणि त्यात एप्रिल ते नोव्हेंबर २०२४ असा खंड होता. नवीन सिस्टिम नेमकी त्या खंडात आली, म्हणून हा प्रश्न मुद्दाम विचारावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये कामावर परतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत प्रलंबित ठेवलेली बिले पुढच्या महिन्यात कशी घेतली, हे त्यांनी उदाहरणासह लिहिले. तिन्ही कामांसाठी तीन, एकूण नऊ. फरक चारचा झाला, आणि आधी ठरवलेल्या दोनच्या मर्यादेपेक्षा तो स्पष्टपणे मोठा होता. निकाल इथेच लागला.

खंडाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण ताजेपणाच्या नावाखाली सर्वांत जास्त अन्याय इथे होतो. बाळंतपण, घरातले आजारपण, लॉकडाऊनमध्ये गेलेली नोकरी, अशी खंडाची कारणे असतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा दिलेली आहे; ती रजा खंड म्हणून मोजणे मुळातच चूक आहे. खंडाचे कारण विचारूच नये. खंड किती महिन्यांचा होता यापेक्षा त्या काळात कोणती रेषा ओलांडली गेली आणि अर्जदाराने ती नंतर गाठली का, एवढेच विचारावे. आठ महिन्यांचा खंड घेऊन परतलेला माणूस आज ताजा असू शकतो, आणि सलग सात वर्षे नोकरीत असलेला माणूस त्या विशिष्ट कामात चार वर्षे मागे असू शकतो. या दोन अर्जांत तेच घडले होते.

अनुभवाच्या वर्षांना आपण सवयीने फार वजन देतो. निवडीच्या पद्धतींवरील दोन मोठे आढावे, १९९८ सालचा फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांचा आणि २०२२ सालचा पॉल सॅकेट व सहकाऱ्यांचा, इतर अनेक बाबतींत वेगळे निष्कर्ष काढतात. मात्र नुसत्या वर्षांवरून पुढचे काम फारसे सांगता येत नाही, यावर दोघांचे एकमत आहे.

वाढ

वरच्या प्रकरणात ही कसोटी लागली नाही. पण समजा, १४ क्रमांकाने वसुलीकडे न जाता रिटर्नचे काम आजपर्यंत चालू ठेवले असते, तर ताजेपणातही बरोबरी झाली असती आणि वाढ पाहावी लागली असती.

वाढ म्हणजे पदनामातला बदल नव्हे. मुंबईच्या अनेक छोट्या पेढ्यांत लेखा विभागात एकच माणूस असतो. तो दहा वर्षांनीही "अकाउंट्स असिस्टंट"च असतो, कारण वर जायला जागाच नसते. मोठ्या कंपन्यांत उलट घडते. काम तेच राहते आणि पद दर दोन वर्षांनी बदलते. म्हणून दोघांसाठी सारखीच शेवटची तीन वर्षे घ्यावीत आणि त्या कालावधीच्या सुरुवातीला व शेवटी तीन गोष्टी लिहाव्यात: कामाचे प्रमाण किती होते, ते काम कोण तपासत होते, आणि चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर येत होती. ३१ क्रमांकाच्या बाबतीत सुरुवातीला बिले नोंदवणे एवढेच काम होते आणि प्रत्येक नोंद वरिष्ठ पाहत. शेवटी रिटर्न त्यांच्याच हाताने तयार होत असे, सीए फक्त अंतिम आकडे पाहत, आणि नव्याने लागलेल्या एका सहकाऱ्याला ते शिकवत होते. पद मात्र एकदाही बदललेले नव्हते. १४ क्रमांकाचे पद एक्झिक्युटिव्हवरून असिस्टंट मॅनेजर झाले होते, पण त्यांच्या उत्तरात प्रमाण आणि तपासणी दोन्ही तशीच होती.

सारख्या कालावधीचा आग्रह यासाठी की संपूर्ण कारकीर्द पाहिली तर नवख्याची वाढ नेहमीच जास्त दिसते. शून्यापासून सुरू करणाऱ्याचा चढ तीव्र असतो, आणि वीस वर्षे उत्तम काम करणाऱ्याची रेषा सपाट दिसते. तीन वर्षांत दोघांचीही वाढ नसेल, तर ही कसोटी काहीच सांगत नाही, असे नोंदवून थांबावे. शिवाय आपल्या जागेत वाढायला वाव आहे का, हेही आधी पाहावे. जिथे पुढची पाच वर्षे तेच ४०० बिलांचे काम राहणार आहे, तिथे झपाट्याने वाढणारा माणूस निवडला तर वर्षभरात तीच जागा पुन्हा भरावी लागते. अशा जागेसाठी वाढीची कसोटी सुरुवातीलाच वगळावी.

निकालाची नोंद, आणि तिन्ही कसोट्यांवर बरोबरी राहिली तर

निर्णय झाल्यावर तो एका वाक्यात लिहावा, आणि न निवडलेल्या अर्जदाराला तेच वाक्य तोंडावर सांगता येईल का, ते पाहावे. आमचे वाक्य असे होते: "जानेवारी २०२२ नंतर टू-बी जुळवणीचे काम एका अर्जदाराने केलेले नाही आणि दुसऱ्याने केलेले आहे, म्हणून दुसऱ्याला मुलाखतीला बोलावले." हे वाक्य १४ क्रमांकाला फोनवर सांगितले. "बोरिवलीला राहतात म्हणून" हे वाक्य कोणाला सांगता आले नसते. झाकलेली नावे आणि पत्ते त्यानंतरच उघडले. ३१ क्रमांक बदलापूरचे निघाले, आणि येण्याजाण्याचा प्रश्न मुलाखतीत त्यांनाच विचारला.

रेझ्युमे हा शेवटी कागद आहे आणि या पद्धतीची मर्यादाही तीच आहे. दोघांना बोलावणे शक्य असेल तर वरच्या कसोट्यांपेक्षा पाऊण तासाचे प्रत्यक्ष काम अधिक सांगते: वीस काल्पनिक खरेदी बिले, एक टू-बीचा तक्ता, त्यात मुद्दाम ठेवलेल्या चार तफावती, आणि तपासणाऱ्याला उमेदवार कोण हे माहीत नसलेली उत्तरपत्रिका. एका तफावतीत बिल क्रमांकातील एक अंक चुकवावा, दुसऱ्या तफावतीत बिल पुढच्या महिन्यात गेलेले दाखवावे. रोज जुळवणी करणाऱ्याला या दोन्ही लगेच ओळखू येतात.

आणि तेही शक्य नसेल, तिन्ही कसोट्यांवर फरक मर्यादेच्या आत राहिला असेल, तर चिठ्ठी टाकावी. त्या क्षणी दोघांमधला फरक आपल्याला कळत नाही ही वस्तुस्थिती आहे, आणि ज्याला संधी मिळाली नाही त्याची संधी निदान कोणाच्या आवडीनिवडीमुळे गेलेली नसते. चिठ्ठ्यांवर फक्त अर्ज क्रमांक लिहावेत, भरतीशी संबंध नसलेल्या दोन सहकाऱ्यांसमोर एक उचलावी, आणि गुणतक्त्याच्या खाली तारीख, दोघांच्या सह्या आणि "तिन्ही कसोट्यांवर समान, चिठ्ठीने निवड" असे लिहून तो कागद फाइलला लावावा.